अंतर्गत परीक्षेला गैरहजर राहिल्याबद्दल दिलगिरी व फेरपरीक्षेसाठी अर्ज

नाशिक
दि. 19 फेब्रुवारी

प्रति,
मा. विभागप्रमुख,
रसायनशास्त्र विभाग

विषय : भौतिक रसायनशास्त्राची अंतर्गत परीक्षा पुन्हा देऊ देण्याबाबत

महोदय,

मी तृतीय वर्ष बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, रोल नंबर 41. दि. 17 फेब्रुवारी रोजी सकाळी 11 वाजता झालेल्या वरील परीक्षेला मी गैरहजर होते. वेळापत्रक मला माहीत होते, अभ्यासही झाला होता. त्या दिवशी मी निफाड तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत होते.

आदल्या रात्री आमच्या भागात अवकाळी पाऊस झाला. बाग खुडणीला आली होती, व्यापाऱ्याची गाडी त्याच दुपारी यायची होती आणि पावसामुळे मजुरांची टोळी आली नाही. साखर भरलेल्या मण्यांवर पाणी साचून राहिले की ते तडकतात आणि एका तडकलेल्या मण्यापायी अख्खा घड नासतो. वडील पहाटेपासून ट्रॅक्टरला ब्लोअर लावून घडांतले पाणी उडवत होते. आई आणि मी कात्रीने तडके मणी काढून क्रेट भरत होतो. वर्षभराचे पीक समोर असताना मला निघवले नाही.

घरी थांबण्याचे कारण मी सांगू शकते, परीक्षा घेणाऱ्या मॅडमना न कळवण्याचे नाही. फोन जवळच होता, दोन ओळींचा मेसेज सहज करता आला असता. तो केला नाही, मॅडमनी हजेरी घेताना माझी चौकशी केल्याचे मैत्रिणीकडून कळले, तेव्हा फार ओशाळले. त्याबद्दल मी मनापासून माफी मागते. काहींनी डॉक्टरचा दाखला जोडायला सुचवले, पण मी आजारी नव्हते. म्हणून व्यापाऱ्याने दिलेल्या त्या दिवशीच्या वजनपावतीची प्रत आणि वडिलांचे सहीचे पत्र जोडत आहे. खात्री करायची असल्यास वडील आपल्याला येऊन भेटतील.

या परीक्षेचे गुण अंतिम निकालात धरले जातात, त्यामुळे मला एक संधी मिळावी ही विनंती. झालेली प्रश्नपत्रिका मी वर्गातल्या ग्रुपवर पाहिली आहे, तेव्हा माझ्यासाठी वेगळी काढावी लागेल. मॅडमचे काम त्याने वाढते, याची जाणीव आहे. लेखीऐवजी तोंडी घेतली तरी माझी तयारी आहे. प्रॅक्टिकल संपल्यावर, संध्याकाळी उशिरा बोलावले तरी मी थांबेन. पिंपळगावकडे जाणारी शेवटची बस चुकली तर पंचवटीत मावशीकडे राहण्याची सोय आहे.

नियमात फेरपरीक्षा बसत नसेल, तर तसेही कृपया कळवावे. आपला निर्णय मला मान्य राहील.

आपली विद्यार्थिनी,
वैष्णवी
तृतीय वर्ष बी.एस्सी., रोल नंबर 41

सोबत : वजनपावतीची प्रत, वडिलांचे पत्र