संतोषदादांच्या उपचारासाठी मदतीचं आवाहन

स्लाइड 1
धायरीच्या संतोषदादांना (वय 41) गियाँ-बारे सिंड्रोम झाला आहे. 3 मार्चपासून ते अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर आहेत.
उपचाराला ₹3,15,000 कमी पडत आहेत.
सगळी रक्कम थेट रुग्णालयात भरायची आहे. कुणाच्याही वैयक्तिक खात्यात पैसे मागितलेले नाहीत.

स्लाइड 2: आजार काय आहे
या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. आधी पायांतली ताकद जाते, मग हातांतली, आणि काही रुग्णांना श्वास घेणंही जमत नाही. दादांचं तसंच झालं. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे कुटुंबापासून कुणी अंतर राखू नये ही विनंती.
बहुतेक रुग्ण बरे होतात, पण त्याला महिने लागतात.

स्लाइड 3: कागदपत्रं
फोटोत तीन कागद आहेत: रुग्णालयाच्या लेटरहेडवरचं अंदाजपत्रक (सही-शिक्क्यासह), न्यूरॉलॉजिस्टांचं प्रमाणपत्र आणि 14 मार्चपर्यंतचं अंतरिम बिल. आयपीडी क्रमांक 4187 तिन्हींवर सारखा आहे, तो जुळवून पाहा. आधार क्रमांक, घरचा पत्ता आणि फोन नंबर झाकले आहेत. बाकी काहीही झाकलेलं नाही.

स्लाइड 4: खर्च
आयव्हीआयजी इंजेक्शन: वजन 60 किलो, किलोमागे रोज 0.4 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 24 ग्रॅम. 5 ग्रॅमच्या 5 बाटल्या रोज, 5 दिवस. 25 × ₹13,500 = ₹3,37,500
आयसीयू व व्हेंटिलेटर: 12 दिवस × ₹18,000 = ₹2,16,000
पाठीतल्या पाण्याची तपासणी, एनसीव्ही, रक्त तपासण्या: ₹46,500
वॉर्ड: 8 दिवस × ₹4,500 = ₹36,000
फिजिओथेरपी, याच रुग्णालयात: 40 सत्रं × ₹600 = ₹24,000
एकूण ₹6,60,000

कुटुंबाने आणि नातेवाइकांनी भरले: ₹1,45,000
कंपनीच्या मेडिक्लेममधून मंजूर: ₹2,00,000
बाकी ₹3,15,000

व्हेंटिलेटरचे 12 दिवस हा डॉक्टरांचा अंदाज आहे. तो चुकला तर नवं अंदाजपत्रक टाकू आणि मगच आकडा बदलू.

स्लाइड 5: सरकारी योजना का नाही?
हा प्रश्न रास्त आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना फक्त योजनेतल्या रुग्णालयांत चालते आणि हे रुग्णालय त्यात नाही. त्या रात्री व्हेंटिलेटर इथेच रिकामा होता. आयव्हीआयजी लक्षणं दिसल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत देणं महत्त्वाचं असतं, म्हणून ते लगेच सुरू झालं. आता व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला हलवू नये, असा डॉक्टरांचा सल्ला आहे.
मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी 11 मार्चला अर्ज केला आहे. मंजूर रक्कम या आकड्यातून वजा होईल.

स्लाइड 6: पैसे कसे भरायचे
1. या स्लाइडवरचा क्यूआर रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरचा आहे. स्कॅन केल्यावर स्लाइड 3 मधल्या लेटरहेडवरचंच नाव दिसलं पाहिजे. दुसरं नाव दिसलं तर तिथेच थांबा.
2. नोटच्या रकान्यात लिहा: `IPD 4187 Santosh`
हे राहिलं तर पैसे रुग्णालयात पोचतात, पण दादांच्या बिलावर चढत नाहीत आणि ते शोधायला काउंटरवर दिवस जातो.
3. व्यवहाराचा स्क्रीनशॉट याच अकाउंटवर मेसेज करा. पावती काउंटरवरून घेऊन पाठवतो.

रोख भरायची असेल तर स्वतः काउंटरवर भरा आणि पावती घ्या. आमच्या हातात रोख देऊ नका.
ही मदत एका व्यक्तीसाठी आहे, त्यामुळे 80जीची करसवलत मिळणार नाही.

स्लाइड 7: हिशोब
दर रविवारी रात्री 8 वाजता ‘हिशोब’ या हायलाइटमध्ये जमा रक्कम, नवं बिल आणि बाकी टाकू. देणाऱ्याचं नाव त्याने सांगितलं तरच येईल. ₹100 असोत वा ₹10,000, नोंद सारखीच.
₹3,15,000 पूर्ण होताच क्यूआर काढून टाकू. बिल कमी आलं तर उरलेली रक्कम रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फत दुसऱ्या गरजू रुग्णाच्या बिलात जाईल. मनीषावहिनींनी तशी लेखी संमती दिली आहे. दुर्दैवाने काही वाईट घडलं, तरी हाच नियम.

स्लाइड 8: एवढं सांभाळा
हे आवाहन वहिनींच्या परवानगीने केलं आहे. दादांचा आयसीयूतला फोटो आणि मुलांची नावं आम्ही मुद्दाम टाकलेली नाहीत, आपणही टाकू नका. वहिनींना फोन करू नका, त्यांचा दिवस आयसीयूबाहेरच्या बाकावर जातो.
पुढे पाठवताना स्क्रीनशॉट नको, मूळ पोस्टच पाठवा. स्क्रीनशॉटमधला क्यूआर कुणीही बदलू शकतं, आणि मोहीम बंद झाल्यावरही तो फिरत राहतो. आमच्या नावाने कुणी फोन करून ओटीपी किंवा पिन मागितला तर देऊ नका. तो फोन आमचा नाही.

पैसे देणं शक्य नसेल तर हरकत नाही. धायरी ते रुग्णालय रात्रीचा डबा पोचवायला मंगळवार आणि शुक्रवारी माणूस हवा आहे. जमत असेल तर ‘डबा’ एवढंच लिहून मेसेज करा.

संतोषदादांच्या सोसायटीतले शेजारी, धायरी, पुणे
15 मार्च