निशाणी 5 चे अर्जाचे पुष्ट्यर्थ वादीचे प्रतिज्ञापत्र

मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, जुन्नर यांचे कोर्टात
रे. दि. मु. नं. 17/2025

रामदास केरू वाघोले … वादी
विरुद्ध
शांताराम गेणू वाघोले … प्रतिवादी

मी, रामदास केरू वाघोले, वय 54 वर्षे, धंदा शेती, रा. वडाचीवाडी, ता. जुन्नर, जि. पुणे, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की,

1. मी या दाव्यातील वादी आहे. प्रतिवादी माझे सख्खे चुलत भाऊ आहेत. तूर्तातूर्त मनाईचा अर्ज मी आज दाव्यासोबत दिला आहे. मनाई का मिळावी याची कायदेशीर कारणे अर्जात आहेत आणि माझे वकील ती तोंडी मांडतील. येथे मी फक्त घडलेली हकीकत सांगतो.

2. गट नं. 214 माझे वडील कै. केरू आणि चुलते कै. गेणू यांच्यात 1998 साली नोंदणीकृत वाटपपत्राने वाटला गेला. 214/1 माझ्याकडे आणि 214/2 प्रतिवादींकडे आहे. विहीर 214/2 मध्ये आहे. वाटपपत्राच्या चौथ्या पानावर "विहीर व पाणी निम्मे निम्मे" असे लिहिले आहे. वाटपपत्र आणि दोन्ही सातबारा उतारे कागदयादीसोबत अ. नं. 1 ते 3 ला आहेत.

3. सोमवार ते बुधवार माझी पाळी, गुरुवार ते शनिवार प्रतिवादींची आणि रविवार आलटून पालटून, असे वडील व चुलते हयात असल्यापासून चालत आले आहे. हे कुठे लिहिलेले नाही. माझी 5 अश्वशक्तीची मोटर विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीत आहे. तेथून 3 इंची पाइप दोन शेतांमधील बांध ओलांडून माझ्या शेतात येतो.

4. दि. 6 जानेवारी 2025, सोमवार, सकाळी सातच्या सुमारास मी मोटर चालू करायला गेलो. खोलीला नवे पितळी कुलूप होते. माझ्या किल्लीचे जुने कुलूप तुटून खाली पडले होते. बांधाजवळ पाइप कापलेला होता आणि सुमारे चार फूट तुकडा जागेवर नव्हता. पाइप कोणी कापला हे मी पाहिले नाही.

5. साडेआठला प्रतिवादी विहिरीवर आले. मी किल्ली मागितली. ते म्हणाले, "माझ्या रानातली विहीर आहे, पाणी माझं." त्यावर मीही त्यांना शिवीगाळ केली. मारामारी झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात तक्रार दिली, ती अदखलपात्र म्हणून नोंदली गेली. तिची प्रत अ. नं. 4 ला आहे. कुलूप आणि पाइपचे पाच फोटो मी 6 तारखेलाच माझ्या मोबाइलवर काढले. ते प्रमाणपत्रासह अ. नं. 5 ला आहेत.

6. माझ्या शेतात 40 गुंठे कांदा आहे. लागण 14 डिसेंबर 2024 रोजी झाली. जमीन मुरमाड असल्याने मी आठ दिवसांनी पाणी देतो. शेवटचे पाणी मंगळवार, 31 डिसेंबर रोजी दिले. आज त्याला तेरा दिवस झाले. पाती पिवळ्या पडून शेंडे वाळू लागले आहेत. मला दुसरी विहीर, बोअर किंवा कालव्याचे पाणी नाही.

7. मला माझ्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट कोर्टापुढे ठेवायची आहे. एप्रिल 2024 मध्ये प्रतिवादींनी विहिरीतील गाळ काढला, त्याचा खर्च 38,000 रुपये आला. माझ्या वाट्याच्या 19,000 रुपयांपैकी मी 11,000 दिले. 8,000 रुपये देणे बाकी आहे. प्रतिवादींनी ते दोनदा मागितले होते. ती रक्कम मी आज कोर्टात जमा करण्यास तयार आहे.

8. माझा मुलगा अमोल याने 10 जानेवारी रोजी रात्री मला सांगितले की, गावातील एका जेसीबीवाल्याने त्याला सांगितले, प्रतिवादींनी 20 जानेवारीसाठी बांधावरचा सगळा पाइप उखडण्याकरिता मशीन ठरवले आहे. जेसीबीवाल्याशी मी स्वतः बोललो नाही. अमोलवर माझा विश्वास आहे म्हणून ही माहिती मी खरी समजतो. अमोलचे स्वतंत्र प्रतिज्ञापत्र सोबत आहे.

9. याच विहिरीच्या पाण्याबाबत मी अन्य कोणत्याही कोर्टात किंवा तहसील कार्यालयात दावा वा अर्ज केलेला नाही.

सत्यापन

परि. 1, 3 ते 7 व 9 मधील मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीचा आहे. परि. 2 मधील मजकूर तेथे नमूद कागदपत्रांवरून आहे. परि. 8 मधील मजकूर माझ्या मुलाकडून मिळालेल्या माहितीवरून असून ती माहिती मी खरी समजतो. प्रतिज्ञापत्र मला मराठीत वाचून दाखवले. परि. 4 मधील "प्रतिवादींनी कापला" हे शब्द माझ्या सांगण्यावरून बदलून घेतल्यावर मी खाली सही केली.

जुन्नर
दि. 13 जानेवारी 2025

(सही)
रामदास केरू वाघोले
प्रतिज्ञापत्र करणार

प्रतिज्ञापत्र करणार यांना मी ओळखतो.
(सही) वादीतर्फे वकील