अंतरपाटाच्या शॉटमधल्या पंख्याबद्दल

नमस्कार वैशालीताई,

रविवारी तुमचा मेसेज आला, त्यानंतर दोन दिवस मी आणि आमचा एडिटर त्याच एका शॉटवर बसलो होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला. सायलीचा अंतरपाट खाली येतो त्या शॉटमधला निळा स्टँड फॅन पूर्ण काढा, असं तुम्ही म्हणालात. आधी सरळच सांगतो: पूर्ण निघणार नाही. ओढूनताणून काढला तर त्या जागी जे उरेल ते पंख्यापेक्षा जास्त खटकेल. पण हा क्षण सुधारायचे दोन-तीन चांगले मार्ग आहेत. त्यांचे नमुने करून ड्राइव्हवर टाकलेत, लिंक खालच्या मेसेजमध्ये पाठवतोय.

पंखा तिथे आला कसा, तेही सांगायला हवं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी आमच्या मुलाने तो बाजूला नेऊन ठेवला होता. मे महिन्याची दुपार, एसीची हवा बोहल्यापर्यंत पोचत नव्हती, नानांना घाम फुटला आणि तुमच्याकडच्याच कुणीतरी तो पुन्हा त्यांच्याजवळ आणून लावला. मला फ्रेममध्ये निळं दिसत होतं. पण मंगलाष्टकं चालू असताना ओरडून पंखा हलवायला सांगणं मला बरं वाटलं नाही. तो निर्णय माझा होता, त्यामुळे पुढच्या दुरुस्तीचे वेगळे पैसे नाहीत.

तुम्ही विचारलंत की अल्बममधल्या फोटोतून तोच पंखा निघाला, मग व्हिडिओतून का नाही? प्रश्न रास्त आहे. फोटो म्हणजे एक चित्र. तिथे पंखा पुसून त्या जागी बाजूची झेंडूची माळ चिकटवली की झालं. आपला शॉट १४ सेकंदांचा आहे, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे ३५० फोटो. प्रत्येकात पंखा पुसायचा, आणि प्रत्येकातली चिकटवलेली माळ आधीच्या आणि पुढच्या चित्राशी तंतोतंत जुळायला हवी. केसभर फरक पडला तरी ती जागा थरथरताना दिसते. माणसाची नजर नेमकी तिथेच जाते.

कॅमेरा स्थिर असता तर हेही जमलं असतं. मी मात्र गिंबल घेऊन सायलीच्या भोवती अर्धा वळसा घेत होतो, त्यामुळे पंख्यामागची बाजू क्षणाक्षणाला बदलते. मागचं रिकामं दृश्य कुठून उसनं घ्यावं, तर सकाळी पंखा नव्हता तेव्हाचं चित्रण आहे, पण तेव्हा खिडकीतला उजेड होता आणि सजावट अर्धीच झाली होती. शिवाय पंख्याच्या वाऱ्याने माळा, मामांचं उपरणं, सायलीचा पदर, सगळं हलतंय. पंखा पुसला तरी वारा पुसता येत नाही. मध्ये एक निर्जीव ठिगळ आणि आजूबाजूला सगळं फडफडतंय, असं ते दिसतं. आम्ही करून पाहिलं, चांगलं नाही दिसलं.

सगळ्यात अडचणीचे आहेत अक्षतांचे तीन सेकंद. ‘सावधान’ झाल्यावर सगळीकडून अक्षता पडतात, त्यातल्या निम्म्या पंख्यासमोरून जातात. एकेक फ्रेम सेकंदाच्या पन्नासाव्या भागात टिपली जाते आणि तेवढ्यात तांदळाचा दाणा चार-पाच सेंटिमीटर खाली आलेला असतो. म्हणून चित्रात दाणा दिसत नाही, एक पुसट रेघ दिसते आणि तिच्यात मागचा निळा रंग मिसळलेला असतो. पंखा काढायचा तर त्या रेघाही जातात किंवा निळ्या राहतात. मुंडावळ्यांच्या मोत्यांचं तेच. आणि शेवटी नाना उपरण्याने डोळे टिपतात, तेव्हा त्यांचा हात बरोबर पंख्याच्या जाळीवरून जातो. आमच्या प्रयत्नात त्या हाताची बोटं विरघळल्यासारखी झाली. तो नमुना मुद्दाम पाठवत नाही, उगाच वाईट वाटेल.

कापून मोठं करायचा विचार पहिला आला होता. शूटिंग ४के आहे, फिल्म फुल एचडी, त्यामुळे चित्र दुप्पट मोठं केलं तरी स्पष्टपणा जात नाही. पण पंखा मामा आणि नाना यांच्या मधोमध आहे. सायलीकडून कापत गेलो की पंख्याबरोबर नानाही फ्रेमबाहेर जातात. २१ तारखेला त्यांच्याच सहस्रचंद्रदर्शनात ही फिल्म लावणार आहात, तर हे मला पटेना.

आता काय करता येईल ते. माझी पसंती ‘नमुना १’ला आहे. शॉटचे पहिले चार सेकंद मी जवळजवळ स्थिर उभा होतो, अंतरपाट वर होता, अक्षता पडत नव्हत्या. तेवढ्या भागातून पंखा खरोखर काढलाय, शोधून सापडणार नाही. अंतरपाट खाली येताना आपण नवरदेवाच्या बाजूच्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो. तिथून पंखा मामांच्या पाठीमागे झाकला जातो आणि सायलीचा चेहरा उलट जास्त छान दिसतो. मग शेवटी पुन्हा माझ्या शॉटवर येतो, पण फक्त नानांच्या चेहऱ्यावर, जवळून. त्यांच्या खांद्याजवळ जाळीची एक कड दोन सेकंद दिसते, तीही आम्ही अंधारात ढकललीय. मंगलाष्टकांचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवरचा असल्याने तो कुठेही तुटत नाही. गमावतो ते एवढंच, की सायली आणि नाना एकाच चौकटीत दिसत नाहीत.

ते दोघं एकत्र हवेच असतील, तर ‘नमुना २’ बघा. त्यात शॉट अखंड ठेवलाय आणि पंखा राहू दिलाय, फक्त त्याचा निळा रंग मागच्या पडद्याच्या मरून रंगात मिसळलाय आणि जाळीवरची चमक उतरवलीय. सायलीच्या बाजूला उजेड थोडा वाढवलाय, म्हणजे नजर तिकडे ओढली जाते. ज्याला पंखा माहीत आहे त्याला तो दिसेलच, म्हणजे तुम्हाला दिसेल. मंडपातल्या पाहुण्यांना मात्र दिसणार नाही असं मला वाटतं. आमच्या घरी आईला दाखवला, तिने पंख्याचं नावही काढलं नाही, ती सायलीची नथ बघत बसली.

‘नमुना ३’मध्ये पूर्ण क्षण दुसऱ्या कॅमेऱ्यावरचा आहे. स्वच्छ आहे, पण नाना त्यात अजिबात नाहीत.

फ्रेमागणिक हाताने काम करणाऱ्या एका ओळखीच्या कलाकारालाही विचारलं. त्याने ३२ हजार रुपये आणि तीन आठवडे सांगितले, आणि अक्षतांच्या तीन सेकंदांची हमी देत नाही हेही प्रामाणिकपणे सांगितलं. तारखेत बसत नाही आणि हमी नसलेल्या कामाला तुमचे पैसे घालावेत असं मी म्हणणार नाही.

एक विनंती, नमुने फोनवर बघू नका. लहान पडद्यावर तिन्ही सारखेच वाटतील. टीव्हीला लॅपटॉप जोडून बघा, जमलं तर सायलीलाही दाखवा, फक्त पंखा कुठे आहे ते तिला आधी सांगू नका. गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवलंत तर शुक्रवारी शेवटची प्रत काढतो आणि सोमवारी पेनड्राइव्ह घरी पोचवतो. फोनवर बोलायचं असेल तर उद्या दुपारी दोननंतर मी स्टुडिओतच आहे.

नानांना नमस्कार सांगा.

आपला,
प्रसाद