सर्वेअर पदासाठी अर्जासोबतचे पत्र

दि. 12 जून 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
भूमापन व नकाशा विभाग, जळगाव

विषय: सर्वेअर पदासाठी अर्ज

महोदय,

चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांतल्या तापीकाठच्या मोजणीसाठी आपल्याला सर्वेअर हवे आहेत, ही जाहिरात वाचून अर्ज करत आहे. मी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा भूगोल विषयातला बी.ए. पदवीधर आहे. सर्वेक्षणाचा डिप्लोमा माझ्याकडे नाही, हे आधीच सांगतो. प्लेन टेबल, प्रिझमॅटिक कंपास आणि डंपी लेव्हल कॉलेजात शिकलो. टोटल स्टेशन आणि रोव्हर मात्र पदवीनंतर अमळनेरच्या एका खासगी मोजणीदारांच्या हाताखाली, सुरुवातीला नुसता प्रिझम धरून.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात बोरीकाठच्या एका गावाचा स्कॅन केलेला गट नकाशा क्यूजीआयएसमध्ये उपग्रह चित्रावर बसवला (यूटीएम झोन 43 उत्तर). नदीची कड आधाराला घेतली असती तर सगळे गट सरकले असते, कारण पुराने काठ खाल्ला आहे आणि नकाशात तो अजून जुन्याच जागी आहे. म्हणून बांधीव विहिरी, जुन्या गाडरस्त्यांचे फाटे आणि तीन गावांची शीव मिळते ती जागा, एवढेच बिंदू धरले. आतले बांध बरे जुळले. काठावरच्या गटांत सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि हाती उरलेली जमीन यांत फरक दिसला. तापीकाठच्या घळींमध्ये आपल्याला हेच पुन्हा भेटेल, असा माझा अंदाज आहे.

रावेर-यावलकडे दुसरी अडचण केळीची. वाढलेल्या बागेत पानांमुळे रोव्हरला फिक्स टिकत नाही, आणि फ्लोटवरचे रीडिंग हद्दीसाठी मी घेत नाही. बागेबाहेर मोकळ्या बांधावर दोन बिंदू रोव्हरने पक्के करायचे आणि तिथून टोटल स्टेशन आत न्यायचे, असे आम्ही करत आलो. वेळ जास्त जातो, पण पुढे शेजाऱ्याच्या हरकतीला उत्तर देता येते.

ऑटोकॅडवर साधे नकाशे काढतो, त्यात सफाई अजून यायची आहे. अहिराणी घरचीच भाषा. बांधावर दोन भाऊ समोरासमोर उभे असतात तेव्हा यंत्राआधी तीच उपयोगी पडते, असा माझा तरी अनुभव आहे. दुचाकी आणि परवाना आहे. मे महिन्यातही फील्डवर काम केले आहे.

बायोडेटा, गुणपत्रके आणि प्रकल्पातला नकाशा सोबत जोडला आहे. मुलाखतीबरोबर प्रात्यक्षिक घेणार असाल तर एखाद्या केळीच्या बागेतच घ्यावे, ही विनंती. 1 जुलैपासून रुजू होऊ शकतो.

आपला विश्वासू,
योगेश पाटील
अमळनेर, जि. जळगाव