बॅटरीचा फवारणी पंप, 16 लिटर : लोकांच्या मतांतून काढलेलं चांगलं-वाईट

गटातर्फे आठ पंप एकदम घ्यायचे आहेत. त्याआधी विक्रीच्या पानावर लोकांनी काय लिहिलंय ते कुणीतरी एकदा सगळं वाचून काढावं, असं राळेगावच्या बैठकीत ठरलं होतं. ते वाचून झालं. पैसे जमा करण्याआधी प्रत्येकाने हे पाहून घ्यावं.

एकूण 146 मतं होती. त्यातली 38 "पार्सल वेळेवर आलं", "मस्त", नुसते अंगठे अशी होती, ती सोडली. 11 मतं त्याच पानावर विकल्या जाणाऱ्या हात आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणाऱ्या दुसऱ्या पंपाची निघाली, तीही सोडली. उरली 97.

पानावर सरासरी 4.1 तारे दिसतात. त्यावर जाऊ नका. 97 पैकी 61 लोकांनी पंप घरी आल्यावर आठ-दहा दिवसांतच लिहून टाकलंय, म्हणजे खोका फोडला, दोन पंप मारून पाहिले आणि पाच तारे दिले. अख्खा हंगाम काढून लिहिणारे फक्त 22 आहेत. बाकी 14 जणांनी पंप कधीपासून वापरतो ते सांगितलेलं नाही. खालच्या यादीत मी त्या 22 जणांचं म्हणणं जास्त धरलंय.

चांगलं

- दांडा मारावा लागत नाही आणि दाब शेवटपर्यंत एकसारखा राहतो. सगळ्यात जास्त लोकांनी, 43 जणांनी, हेच लिहिलंय. एकाचे शब्द: "दांडा हालवाची कटकट गेली, खांदा वाचला." हंगाम काढलेल्यांतही याबद्दल तक्रार नाही.
- नवा असताना एका चार्जिंगवर 15 ते 18 पंप निघतात. कंपनी 20 सांगते, पण मोजून 20 निघाले असं एकानेही लिहिलेलं नाही.
- टाकी दणकट आहे. बैलगाडीतून पडली तरी फुटली नाही, असं दोघांनी लिहिलंय. तोंड मोठं आहे, चाळणी खोल आहे, त्यामुळे विहिरीचं पाणी बादलीने ओतताना सांडत नाही.
- मोटर आणि नळी साध्या मापाची आहे. तालुक्याच्या दुकानात दुसरी मिळते, कंपनीचीच लागते असं नाही.
- सोबत चार नोझल येतात. तणनाशकाचं वेगळं आहे, हे बरं.

वाईट

- बॅटरी. खरी तक्रार ही आहे. हंगाम काढलेल्या 22 पैकी 15 जणांनी ती केलीय आणि सगळ्यांची गोष्ट एकच: "पह्यल्या वर्षी घोड्यावानी चालला, दुसऱ्या वर्षी आठ पंपात बसला." पऱ्हाटी कमरेच्या वर गेली की एकरी 200 लिटर पाणी लागतं, म्हणजे साडेबारा पंप. आठ पंपात बसणारी बॅटरी एक एकरही पुरी करत नाही. 12 व्होल्ट 8 अँपिअर-अवरची ही लेड-अ‍ॅसिड बॅटरी आहे. दिवाळीनंतर पंप कोठ्यात टाकून दिला की ती हळूहळू उतरते, उतरलेली पडून राहिली की आत सल्फेट धरतं, आणि मग जुलैमध्ये कितीही चार्ज करा, ती पहिल्यासारखी भरत नाही. 22 मध्ये तिघांनी उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा चार्ज केल्याचं लिहिलंय. त्या तिघांची बॅटरीची तक्रार नाही. तिघांवरून फार ठाम बोलता येणार नाही, पण इशारा स्पष्ट आहे.
- वॉरंटी वरच्याच मुद्द्याला जोडून वाचा. बॅटरीला सहा महिने आहेत. जुलैत घेतलेल्या पंपाची वॉरंटी जानेवारीत संपते आणि बॅटरीचा दोष कळतो पुढच्या जुलैत. या भानगडीत सात जण अडकले.
- कांडीचा चाप गळतो (19 तक्रारी). औषध मनगटावरून कोपरापर्यंत येतं. वायसर बदलला की थांबतं, काहींचं पुन्हा सुरू होतं. पैशाने ही किरकोळ गोष्ट आहे, अंगाने नाही.
- दाब कमी-जास्त करायचं बटण पावसात भिजलं की बिघडतं. बटण टाकीच्या बुडाशी आहे आणि आपण पंप भरायला चिखलातच ठेवतो.
- चार्जिंग पूर्ण व्हायला रात्र जाते. संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असलं तर सकाळपर्यंत हिरवा दिवा लागत नाही.

भांडण असलेले दोन मुद्दे

पहिला वजनाचा. "हलका आहे" म्हणणारे जवळपास तितकेच, "पाठ मोडते" म्हणणारे तितकेच. दोघंही खोटं बोलत नाहीत. हलका म्हणणाऱ्यांत बरेच परसबाग, गोठा, चार-दोन संत्र्याच्या झाडांवर फवारा मारणारे आहेत. पाठीची तक्रार दिवसभर मारणाऱ्यांची आहे. भरलेला पंप 22 किलोच्या आसपास जातो आणि पट्टे पातळ आहेत. आपल्याकडे हा पंप मजुराच्या पाठीवर दिवसभर राहणार, म्हणून माझ्या हिशेबी हे वाईटात. जाड पट्टे वेगळे घेता येतात.

दुसरा मुद्दा जरा थांबून वाचा. 26 जणांनी कौतुकाने लिहिलंय की फवारा एकदम बारीक, धुक्यासारखा पडतो. त्यांनी ते चांगल्यात धरलं, मी धरत नाही. बारीक थेंब पानावर छान बसतो हे खरं, पण वारा असला तर तोच थेंब नाकातोंडात जातो, आणि डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत तर वारा नसतानाही जातो. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली, हे कुणाला नव्याने सांगायला नको. 97 मतांत तोंडाला फडकं किंवा मास्क हा विषय फक्त एकाने काढलाय: "मजुराले मळमळ झाली, मंग बटन कमी केलं." ज्या बटणाने दाब कमी करायचा तेच पावसात बिघडतं, हे वर आलंच आहे.

माझं मत

पंप घेण्यासारखा आहे. या किमतीत टाकी आणि मोटर चांगली मिळते. पण ऑनलाइन घेऊ नये. सात जणांना बॅटरी बदलून मिळाली नाही, ते सगळे ऑनलाइनवालेच आहेत. दुकानातून घेणाऱ्यांनीही थोडं लिहिलंय, त्यात दोघांना दुकानदाराने सहा महिन्यांनंतरही अर्ध्या किमतीत बॅटरी दिली. आठ नग एकदम घेतोय तर भाव करता येईल. मात्र भाव पाडण्याऐवजी बॅटरीची वॉरंटी एक वर्ष करून मागावी, असं मला वाटतं. शंभर-दोनशे रुपये वाचवण्यापेक्षा ते कामाचं आहे.

दुकानात गेल्यावर आठही पंपांत पाणी भरून चाप तपासायचा. बॅटरीवर तारीख छापलेली असेल तर पाहायची, जुना माल परत करायचा. प्रत्येक बॅटरीचा नंबर बिलावर लिहून घ्यायचा. प्रत्येक पंपामागे दोन वायसर आणि एक मास्क त्याच बिलात बसवायला सांगायचं. उन्हाळ्यात आठही बॅटऱ्या महिन्यातून एकदा कोण चार्ज करणार, त्याचं नाव याच बैठकीत ठरवू.