की-पर्सन विमा प्रस्ताव : ७० लाख रुपये विमा रकमेचे समर्थन

दिनांक : १४ मे २०२५
राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

प्रति,
मा. अंडररायटर, जीवन विमा विभाग

विषय : आमच्या उत्पादन प्रमुखांच्या मुदत विम्याबाबत आपण विचारलेला खुलासा

महोदय,

एक कोटीच्या आत उलाढाल आणि तीनपैकी दोन वर्षे तोटा, अशा खेड्यातल्या कंपनीला एका व्यक्तीवर ७० लाखांचा विमा कशाला हवा, हा आपला प्रश्न रास्त आहे.

आम्ही कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोकार्ड बनवतो. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. वावरात विष कमी जावं, यासाठीच ही कंपनी सुरू केली.

काम असे चालते. ज्वारीच्या भरड्यावर कॉरसायरा पतंग वाढवायचा, त्याची अंडी कार्डावर चिकटवायची, अतिनील दिव्याखाली ती निर्जीव करायची आणि त्यावर ट्रायकोग्रामा, म्हणजे बोंडअळीच्या अंड्यांत आपली अंडी घालणारा बारीक मित्रकीटक, सोडायचा. एका कार्डावर सुमारे २० हजार अंडी असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडी काळी पडली की कार्ड साधलं. ती काळी किती आणि करडी किती, हे आमच्या उत्पादन प्रमुख भिंगाखाली पाहून ठरवतात, आणि शंका आली तर आख्खा लॉट बाजूला काढतात. मूळ कल्चर, म्हणजे किड्यांचा पैदाशीचा साठा, गेली सहा वर्षे त्यांच्याच हातात आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये वडिलांच्या ऑपरेशनसाठी त्या ११ दिवस नागपूरला होत्या. तेवढ्यात एका खोलीत ब्रॅकॉन शिरला. हा कॉरसायराच्या अळ्यांवर जगणारा गांधीलमाशीच्या जातीचा किडा. मुलांनी ट्रे झाकून ठेवले, पण जाळीच्या कोपऱ्यातली फट कोणालाच दिसली नाही. त्या आल्या त्या दिवशीच त्यांनी खोली रिकामी करायला लावली. तरी ९ लाखांच्या ऑर्डरी परत गेल्या. त्या ११ दिवसांची किंमत मी स्वतः मोजलेली आहे.

कल्चर पूर्ण मेलं तर बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडून मूळ कल्चर आणून पुन्हा सुरुवात करावी लागते. कॉरसायराची एक पिढी साधारण दीड महिन्याची. हाताशी माल येईल एवढी संख्या व्हायला दोन पिढ्या लागतात, म्हणजे तीन महिने. कपाशीचा हंगाम तेवढ्यात हातचा जातो.

आता रक्कम. ढोबळ नफा २०२२-२३ ला १४ लाख, २०२३-२४ ला २५ लाख आणि २०२४-२५ ला ३८ लाख. शेवटचा आकडा सीएच्या सहीचा, पण तात्पुरता आहे. ऑडिट बाकी आहे. ३८ पैकी ३२ लाख जुलै ते ऑक्टोबरचे. उत्पादन प्रमुख जुलैत नसल्या तर हे ३२ लाख गेले. पुढच्या हंगामात नव्या माणसाच्या हाताखाली निम्मेच उत्पादन धरले, म्हणून आणखी १६ लाख. अकोला कृषी विद्यापीठातून शिकलेला कीटकशास्त्रज्ञ राळेगावला आणायचा तर जास्त पगार, राहण्याची सोय आणि दीड वर्षाचे प्रशिक्षण मिळून १२ लाख. शेतकरी कंपन्यांनी दिलेल्या ॲडव्हान्समधून जूनपर्यंत ज्वारी आणि मजुरीवर खर्च झालेला असतो. तो परत करायला १० लाख. बेरीज ७० लाख.

बँकेचे २२ लाखांचे कर्ज यात धरलेले नाही. त्याचे हप्ते याच नफ्यातून जातात, ते वेगळे धरले तर एकच नुकसान दोनदा मोजले जाईल. दाव्याची रक्कम कंपनीच्या करपात्र उत्पन्नात येते, हे माहीत असूनही त्यासाठी आकडा फुगवलेला नाही.

नेहमीच्या पट्टीने तपासले तरी सरासरी ढोबळ नफ्याची तिप्पट ७७ लाख आणि त्यांच्या ७ लाख २० हजार वार्षिक पगाराची दहापट ७२ लाख होते. निव्वळ नफ्याच्या पट्टीत आम्ही बसत नाही, कारण तीन वर्षांची सरासरी अजून तोट्यात आहे.

विमा माझा का नाही, असेही आपण विचारले होते. माझा विमा मी स्वतंत्र काढलेला आहे. मी गेलो तर विक्री काही महिने अडेल. भाऊ आणि दोन गावमित्र ती सांभाळतील. त्या गेल्या तर विकायलाच काही उरत नाही. त्यांचे समभाग ६ टक्के असून आमचे नाते नाही.

त्यांच्या संमतीने एक गोष्ट आधीच सांगतो. त्या सिकलसेलच्या वाहक आहेत, रुग्ण नाहीत. इलेक्ट्रोफोरेसिसचा अहवाल सोबत जोडला आहे. आपल्याला हवी ती वैद्यकीय तपासणी त्या करून घेतील. यवतमाळहून रोज स्कूटरने ये-जा करतात, हेही अर्जात नमूद केले आहे.

पॉलिसी पाच वर्षांच्या शुद्ध मुदत विम्याची हवी. प्रस्तावक, हप्ता भरणारी आणि लाभार्थी कंपनीच राहील. दोन मुली त्यांच्या हाताखाली शिकत आहेत. तीन वर्षांनी त्यातली एक जरी स्वतंत्र लॉट काढू लागली, तर नुकसानीचा हिशेब नव्याने मांडून रक्कम कमी करण्यास आम्ही तयार आहोत.

पहिली कार्डे जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघतात. त्याआधी निर्णय कळावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
संस्थापक व संचालक

सोबत : तीन वर्षांचे ताळेबंद, पगारपत्रक, समभागधारकांची यादी, संचालक मंडळाचा ठराव, वैद्यकीय अहवाल