मैत्रीतील कर्जाचा करारनामा

आज दिनांक १ जून २०२५ रोजी हा करारनामा केला.

लिहून घेणार (कर्ज देणार): मीनल प्रकाश साठे
लिहून देणार (कर्ज घेणार): उमेश दत्तात्रय गावडे

दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. पत्ते त्यावरचे धरावेत. पुढे सगळीकडे नुसतेच मीनल आणि उमेश असे लिहिले आहे, कारण आम्ही एकमेकांना तसेच ओळखतो.

कारणे करारनामा लिहून देतो की,

१. उमेशला कामासाठी नवा कॅमेरा आणि दोन लेन्स घ्यायच्या आहेत. त्यासाठी मीनल त्याला १,२०,००० रुपये (अक्षरी एक लाख वीस हजार) कर्जाऊ देत आहे. रक्कम १० जून २०२५ रोजी बँकेतून उमेशच्या खात्यावर जमा होईल. त्या दिवशी रक्कम जमा झाली नाही, तर व्याज आणि हप्त्यांच्या तारखा तितक्याच दिवसांनी पुढे जातील.

२. व्याज दरमहा पाऊण टक्का, म्हणजे वर्षाला ९ टक्के. ते शिल्लक मुद्दलावरच आकारायचे. व्याजावर व्याज नाही, हप्ता थकला तरीही नाही.

३. उमेशची बिले साधारण दोन महिन्यांनी निघतात, म्हणून हप्ताही दोन महिन्यांचा ठेवला आहे. दरमहा ठेवून दर वेळी तारीख चुकण्यापेक्षा हे बरे, असे दोघांचेही मत पडले. परतफेड येणेप्रमाणे:

| तारीख | मुद्दल (रु.) | व्याज (रु.) | हप्ता (रु.) | शिल्लक मुद्दल (रु.) |
|---|---|---|---|---|
| १० ऑगस्ट २०२५ | २०,००० | १,८०० | २१,८०० | १,००,००० |
| १० ऑक्टोबर २०२५ | २०,००० | १,५०० | २१,५०० | ८०,००० |
| १० डिसेंबर २०२५ | २०,००० | १,२०० | २१,२०० | ६०,००० |
| १० फेब्रुवारी २०२६ | २०,००० | ९०० | २०,९०० | ४०,००० |
| १० एप्रिल २०२६ | २०,००० | ६०० | २०,६०० | २०,००० |
| १० जून २०२६ | २०,००० | ३०० | २०,३०० | ० |

एकूण परतफेड १,२६,३०० रुपये. त्यात व्याज ६,३०० रुपये.

४. हप्ता मीनलच्या बँक खात्यावरच भरायचा. रोख द्यायची नाही, घ्यायचीही नाही. पैसे पोचल्याचा मेसेज मीनलने त्याच दिवशी करायचा आणि त्यात शिल्लक मुद्दल लिहायचे. कमी रक्कम आली तर ती आधी व्याजात, मग मुद्दलात जमा होईल.

५. उमेशने मुदतीआधी पैसे फेडले तर दंड नाही. भरलेल्या मुद्दलावरचे व्याज त्याच दिवशी थांबेल. थोडीच रक्कम आधी भरली तर ती शेवटच्या हप्त्यातून वजा करायची.

६. अडचण आली तर: हप्त्याच्या तारखेआधी लेखी कळवून उमेशला संपूर्ण मुदतीत एकदाच एक महिन्याची सवलत मिळेल. कारण सांगायची सक्ती नाही. पुढच्या सगळ्या तारखा एक महिना सरकतील आणि त्या महिन्याचे व्याज नेहमीच्याच दराने लागेल. तारीख उलटून गेल्यावर कळवले तर ही सवलत मिळणार नाही.

७. हप्ता थकल्यास:

(अ) तारखेनंतर सात दिवस माफ. त्यानंतर मात्र थकलेल्या मुद्दलावर मूळ तारखेपासून पाऊण टक्क्याऐवजी दरमहा १ टक्का व्याज लागेल. महिना ३० दिवसांचा धरायचा. उदाहरणार्थ, २०,००० रुपये १५ दिवस उशिरा आले तर त्या दिवसांचे व्याज १०० रुपये.

(आ) लागोपाठ दोन हप्ते थकले, तर मीनल १५ दिवसांची लेखी नोटीस देईल. त्या मुदतीत थकबाकी भरली तर नोटीस रद्द होऊन वेळापत्रक पूर्ववत चालू राहील. नाही भरली तर उरलेले सगळे मुद्दल एकदम देय होईल आणि ते फिटेपर्यंत त्यावर दरमहा १ टक्का व्याज चालेल.

(इ) कोर्टात जाण्याआधी दोघांनी खालील साक्षीदारांसमोर एकदा बसायचे. नोटिशीची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत मार्ग निघाला नाही, तर मीनलला वसुलीचा दावा लावायला मोकळीक आहे.

(ई) या कर्जाला तारण नाही. म्हणून मीनलने कॅमेरा किंवा उमेशची दुसरी कोणतीही वस्तू परस्पर उचलायची नाही. थकबाकीचा विषय मित्रमंडळींच्या ग्रुपवर किंवा उमेशच्या ग्राहकांकडे काढायचा नाही. ही अट मीनलनेच सुचवली.

८. मीनलने एखादा उशिराचा हप्ता काही न बोलता घेतला, तर पुढच्या तारखा आपोआप सैल झाल्या असे उमेशने समजू नये. करारात बदल करायचा तर तो लेखी आणि दोघांच्या सहीनेच.

९. उमेशचे काही बरेवाईट झाले तर उरलेली रक्कम त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून द्यावी. वारसांनी स्वतःच्या खिशातून भरायची नाही. मीनलच्या बाबतीत तसे झाले तर हप्ते तिच्या कायदेशीर वारसांना जातील.

१०. शेवटचा हप्ता पोचल्यापासून सात दिवसांत मीनलने 'काही येणे बाकी नाही' असे लिहून सही करून द्यायचे.

हा करारनामा आम्ही वाचून, समजून, राजीखुशीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय केला आहे. दोन मूळ प्रती काढल्या असून दोघांकडे एकेक राहील.

लिहून घेणार: सही, मीनल प्रकाश साठे
लिहून देणार: सही, उमेश दत्तात्रय गावडे

साक्षीदार:
१) सही, शुभांगी नितीन कदम
२) सही, राजेंद्र वसंत पाटणकर